"जानेवारीत आपल्या सोयीने कधीही या" याला निमंत्रण म्हणत नाहीत

आज स्टाफरूममध्ये सेमिनारच्या पाहुण्यांना पाठवायचं पत्र हातात आलं. "जानेवारी महिन्यात आपल्या सोयीनुसार कधीही यावे, प्रवासाची व्यवस्था करण्यात येईल." बस, एवढंच. अन् पत्र कोणाला, तं पुण्याच्या त्याच सरांना, जे तीन वर्षांआधी आपल्याकडे मातीवर बोलायला आले होते. वाचून डोकं सटकलं माझं.

त्या वेळी काय झालं होतं ते सांगतो. सर सत्तरीचे. रात्री पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसले, दुसऱ्या दिवशी दुपारी पुलगावला उतरले. गाडी पाठवली असं आम्ही म्हणालो होतो, पण ड्रायव्हरला त्यांचा नंबर कोणी दिलाच नव्हता, अन् तो वर्धा स्टेशनवर उभा. सर दोन तास बाकावर बसून होते, पायाजवळ मातीच्या नमुन्यांची पिशवी. मी पोचलो तं म्हणाले, "काही नाही हो, बसलो होतो निवांत." त्यांचा तो आवाज अजून जात नाही कानातून.

काऊन होते असं? कारण आपण पाहुण्याला तारीख देत नाही, महिना देतो. मी आज ते पत्र फाडलं अन् नवीन लिहिलं. तीन तारखा टाकल्या, शुक्रवार ९, मंगळवार २० अन् गुरुवार २९ जानेवारी. सलग तीन दिवस काही कामाचे नाहीत, माणूस एका आठवड्यात अडकला की तिन्ही तारखा जातात. संक्रांत सोडली, २६ जानेवारीच्या आसपासचे दिवस सोडले, रासेयोच्या शिबिराचे दिवस टाळले, गावचा बाजार टाळला, कारण बाजाराच्या दिवशी अर्धी पोरं येतच नाहीत. तिन्ही दिवस हॉल अडकवून ठेवला, अन् पत्रात लिहिलं की ७ नोव्हेंबरपर्यंत कळवा, मग बाकीच्या दोन आम्ही सोडतो.

७ काऊन? तं रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडते, आधी १२० होते. ९ च्या कार्यक्रमाला सरांना ७ ला रात्री पुण्यातून निघावं लागते, म्हणजे ते तिकीट ८ नोव्हेंबरला उघडते. २० ठरली तं प्रवास १८ चा, तिकीट १९ नोव्हेंबरला. त्या सकाळी काढलं तं सरांना लोअर बर्थ मिळायची आशा, नाहीतर सत्तरीच्या माणसाला वर चढवणार का आपण? तात्काळच्या भरवशावर पाहुणा बोलावू नये बाप्पा. अन् तिकीट आपण काढायचं. "तुम्ही काढा, बिल द्या, मग देतो" म्हणायचं नाही. मागच्या वेळचे सरांचे पैसे चार महिन्यांनी गेले. हो, निधी उशिरा येतो, प्राचार्यांच्या हातात सगळं नसते, मान्य आहे. पण एका तिकिटाचे पैसे आपण चौघं मिळून टाकू शकतो ना.

आता वेळेचं. "कार्यक्रम ११ ते २" लिहिलं की पाहुण्याला वाटते आपल्याला तीन तास आहेत. त्या दिवशी सरांना किती मिळाले माहीत आहे? बावीस मिनिटं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, सात जणांचे सत्कार, मग अध्यक्ष आधीच बोलले कारण त्यांना जायचं होतं. सरांची परतीची गाडी संध्याकाळची, म्हणून तीनला निघणं भाग होतं. रात्रभर प्रवास करून आलेला माणूस पिशवीतली काळी माती काढतो, ओली करून चोळतो, हाताला कशी चिकटते ते पहिल्या रांगेतल्या पोराला दाखवतो, अन् मागून चिठ्ठी येते, "कृपया आवरते घ्यावे". मला त्या पोराचा चेहरा आठवते. त्याच्या बापाची कपाशी दरवर्षी पाणी साचून पिवळी पडत होती, त्याला नेमकं तेच विचारायचं होतं. राहून गेलं.

म्हणून पत्रात लिहिलं, तुमचं भाषण १२ ला सुरू, ५० मिनिटं, नंतर ३० मिनिटं पोरांचे प्रश्न. बाराच, कारण खेड्यावरची पोरं एसटीने येतात, ती साडेअकराशिवाय जमत नाहीत. सत्कार एकच, १० मिनिटांत. मान द्यायला पाहिजे हे मलाही कळते, पण तो बोलू देऊन द्या ना. अन् परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं, मुक्काम आमच्या घरी.

पत्र पाठवायच्या आधी सरांना फोन केला. वाटलं नाही म्हणतील. तारखा ऐकल्या, म्हणाले २० जमेल. मग थोडं थांबून विचारलं, "पुलगावला कोण येईल हो?"

पत्रात खाली ड्रायव्हरचं नाव, गाडीचा नंबर, दोघांचे मोबाईल टाकले आहेत. पण १९ ला दुपारी प्लॅटफॉर्मवर मी स्वतः उभा राहणार आहे, तसं सांगितलं सरांना.