कासवाची पिल्लं, चंद्र आणि मोबाईलचा टॉर्च: फिरणाऱ्या मेसेजमधल्या चुका

सध्या फिरत असलेला मेसेज असा आहे: "समुद्री कासवाची पिल्लं चंद्राच्या उजेडाकडे चालत जाऊन समुद्र गाठतात. किनाऱ्यावरच्या दिव्यांमुळे ती फसतात. म्हणून पिल्लं दिसली की मोबाईलचा टॉर्च लावून त्यांना पाण्याची वाट दाखवा, नाहीतर सरळ उचलून पाण्यात सोडा. पिवळा किंवा लाल दिवा असेल तर काही धोका नाही."

दिव्यांमुळे पिल्लं फसतात, एवढं एक वाक्य खरं आहे. बाकीचं तपासून पाहू.

आधी चंद्र. पौर्णिमेच्या संध्याकाळी चंद्र पूर्वेला उगवतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर तो तेव्हा पिल्लांच्या पाठीमागे, जमिनीच्या बाजूला असतो. पिल्लं त्याच्याकडे चालली असती, तर गावात शिरली असती. अमावस्येला तर चंद्र नसतोच, तरी नैसर्गिक अंधार असलेल्या किनाऱ्यावर पिल्लं समुद्राकडेच जातात.

मग त्यांना दिशा कळते कशी? मादी भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत वल्ह्यांसारख्या मागच्या पायांनी साधारण अर्धा मीटर खोल खड्डा खणते, त्यात शंभरच्या आसपास अंडी घालते, वाळूने झाकते आणि समुद्रात परत जाते. पिल्लं साधारण ४५ ते ६० दिवसांनी अंड्यातून बाहेर येतात, तेव्हा वाट दाखवायला कुणीच नसतं. ती वाळूतून हळूहळू वर सरकतात आणि पृष्ठभागाखाली थांबतात. वरची वाळू तापलेली असेल तर तिथेच निपचित राहतात, ती गार झाली की एकदम झुंडीने वर येतात. म्हणून बहुतेक वेळा ती रात्रीच बाहेर पडतात.

वर आलेलं पिल्लू आकाशाकडे पाहत नाही. त्याच्या नजरेचा पट्टा आडवा खूप रुंद आणि उभा अगदी अरुंद असतो, म्हणजे त्याच्यासाठी महत्त्वाचं ते क्षितिजालगतचं. समुद्राच्या बाजूचं क्षितिज मोकळं, खालपर्यंत उजळ असतं. जमिनीच्या बाजूला वाळूचे उंचवटे आणि झाडी काळोखी भिंतीसारखी उभी असते. पिल्लू उंच काळोखाकडे पाठ करतं आणि खालच्या उजळ पट्ट्याकडे चालू लागतं. दोन्ही डोळ्यांना मिळणारा उजेड ते सतत तोलत असतं. प्रयोगात पिल्लाचा एक डोळा झाकला, तर ते उघड्या डोळ्याच्या बाजूला वळत वळत गोल फिरत राहतं.

चंद्र उलट मदतच करतो. भरपूर चांदणं असलं की सगळाच आसमंत उजळतो आणि दिव्याचा प्रभाव फिका पडतो. घोटाळा जास्त होतो तो अमावस्येच्या आसपास.

एक उदाहरण घेऊ. समजा, घरटं पाण्यापासून तीस मीटरवर आहे आणि त्याच्या मागे शंभर मीटरवर खांबावर उघडा पांढरा दिवा आहे. समुद्राचा उजेड मंद पण लांबवर पसरलेला असतो, दिवा एकाच ठिकाणी झगझगीत. पिल्लाच्या डोळ्याला दिवा कितीतरी पटींनी वरचढ वाटतो. काही पिल्लं सरळ त्याच्याकडे निघतात. ज्यांना दोन्हीकडची ओढ जाणवते ती गोल गोल फिरत राहतात. खेकडे, कुत्रे, पक्षी तर टपलेलेच असतात, आणि उजाडल्यावर ऊन पिल्लांना सुकवून टाकतं.

हे सकाळी वाळूवर वाचता येतं, फक्त वारा आणि माणसांचे पाय फिरण्याआधी जायला हवं. पिल्लांच्या पावलांचे माग बारीक, दोन्ही बाजूंना नागमोडी ठिपक्यांचे असतात. घरट्यापासून ते अरुंद पंख्यासारखे समुद्राकडे गेले असतील तर सगळं ठीक आहे. पंखा चहूकडे फाकलेला असेल, मागांची वेटोळी एकमेकांवरून गेली असतील, तर तिथे उजेड पोचतो आहे. आणि माग जमिनीकडे सरळ गेले असतील, तर त्या रेषेवर उभं राहून पुढे पाहायचं. दोषी दिवा बहुतेक वेळा तिथेच सापडतो. मोठ्या मादीचाही माग असाच वाचता येतो: वर येऊन खड्डा न करता परत फिरलेला माग असेल, तर उजेड किंवा वर्दळ हे एक कारण असू शकतं.

आता टॉर्च. पाण्याच्या कडेला उभं राहून टॉर्च लावला, तर पिल्लं समुद्राकडे नाही, तुमच्या हाताकडे येतात. काही पिल्लं तुमच्या पायांशी घुटमळतात, बाकीची वाळूत दुसरीकडे वळतात, आणि अंधारात कुणाच्या ना कुणाच्या पायाखाली जातात. पाण्यात गेलेली पिल्लंसुद्धा किनाऱ्यावरच्या उजेडाने परत खेचली जातात. त्यापेक्षा टॉर्च बंद करा, मागचा दिवा मालवायला सांगा. लगेच जमत नसेल, तर घरट्याच्या जमिनीकडच्या बाजूला फळी, चादर, जे मिळेल ते धरून उजेड अडवा. हे मी ठामपणे सांगते, कारण पिल्लाला उजेड दाखवण्यापेक्षा अंधार मिळवून देणं सोपं आहे.

उचलून पाण्यात सोडण्याचा सल्ला सगळ्यात जास्त पटण्यासारखा वाटतो. पण वाळूवर चालताना पिल्लाला समुद्राची दिशा मिळते, पाण्यात शिरल्यावर लाटांच्या दिशेने ती टिकते, आणि पुढे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून ते तीच दिशा धरून पोहत राहतं. पहिले साधारण चोवीस तास ते अंगातल्या उरलेल्या पिवळ्या बलकाच्या जोरावर जवळजवळ न थांबता पोहतं. म्हणून ते वाळूवरून जात असेल तर जाऊ द्यावं. रस्त्यावर किंवा आवारात भरकटलेलं, दिवसा सापडलेलं पिल्लू वेगळी गोष्ट आहे. त्याला ओलसर वाळू घातलेल्या खोक्यात, सावलीत, अंधारात ठेवा आणि तिथल्या वनखात्याला किंवा कासव संवर्धनाचं काम करणाऱ्यांना कळवा. बादलीत पाणी भरून ठेवू नका. त्यात ते तासन्‌तास पोहून बलकाचा साठा संपवून टाकतं.

शेवटी रंगाचा मुद्दा. पिल्लं निळ्या, जांभळ्या, हिरव्या उजेडाकडे सर्वाधिक खेचली जातात, पिवळ्या-लाल उजेडाकडे कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, तीव्र लाल दिवासुद्धा त्यांना ओढतो. शिवाय बाजारातला 'वॉर्म' एलईडी डोळ्यांना पिवळसर दिसला, तरी त्यात निळा भाग शिल्लक असतोच. खरा अंबर एलईडी, ज्याच्या उजेडाची तरंगलांबी ५६० नॅनोमीटरच्या पुढची असते, तो वेगळा मागून घ्यावा लागतो. तोही खाली बसवलेला, किनाऱ्याकडून झाकलेला आणि गरजेपुरताच सुरू हवा.

तपासणी सोपी आहे. घरट्यांच्या हंगामात, चांदणं नसताना, वाळूवर पोटावर झोपा, डोळे जमिनीलगत ठेवा आणि जमिनीकडे पाहा. जो दिवा थेट दिसतो, किंवा ज्याच्या उजेडाने उभं राहिल्यावर तुमची सावली वाळूवर पडते, तो पिल्लांनाही दिसतो. त्याच रात्री त्या दिव्याला झाकण लावा, तोंड खाली वळवा किंवा तो बंद करा, आणि पुन्हा झोपून पाहा.