‘12 आठवडे म्हणजे 12 आठवडे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

“लेख वाचला. आउटकमच्या व्याख्येचा तुम्ही उगाच कीस पाडता. 12 आठवडे म्हणजे 12 आठवडे, वाचणाऱ्या डॉक्टरांना ते कळतं. जर्नलच्या शब्दमर्यादेत एवढं बसत नाही. आणि ज्यांनी ट्रायल चालवली नाही त्यांना सल्ले देणं सोपं असतं.”

ट्रायलच्या पेपरमध्ये आउटकम, म्हणजे उपचाराचा परिणाम नेमका काय, कसा आणि केव्हा मोजला, हे पूर्ण लिहा, असं माझ्या लेखाचं म्हणणं होतं; त्यावरची ही प्रतिक्रिया. तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते झोंबलं. ट्रायलचे फॉर्म भरणं, राहिलेल्या भेटींसाठी पेशंटना फोन करणं, डेटा तपासणं ही माझी रोजची कामं होती, आणि बरीच वर्षं होती. एका ट्रायलमध्ये डेटा हातात आला आणि ‘तीन महिन्यांनी वेदना’ हे कुठल्या दिवसापासून मोजायचं यावरच टीममध्ये भांडण जुंपलं, कारण प्रोटोकॉलमध्ये ते लिहिलेलंच नव्हतं. त्या बैठकीत मी होते. तेव्हा माझ्याविषयी काही माहीत नसताना असं लिहायला नको होतं.

शब्दमर्यादेचं म्हणणं मान्य. सेकंडरी आउटकम भरपूर असतील तर त्यांचा तपशील पुरवणीत जाऊ द्या, माझी हरकत नाही. ट्रायलचा मुख्य निकाल ज्यावर ठरतो त्या प्रायमरी आउटकमला ही सबब चालत नाही, तो एका वाक्यात मावतो.

आता आठवड्यांकडे. गुडघ्याच्या झिजेची ट्रायल घ्या. एका गटाला शस्त्रक्रिया, दुसऱ्याला व्यायाम; कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, म्हणजे रँडमायझेशनने ठरतं. व्यायाम रँडमायझेशन झालं त्याच आठवड्यात सुरू होतो, शस्त्रक्रियेची तारीख मात्र पाच आठवड्यांनी मिळते. वेदना रँडमायझेशनपासून 12 आठवड्यांनी मोजली, तर शस्त्रक्रियेच्या पेशंटला ऑपरेशन होऊन सातच आठवडे झालेले असतात. उपचार सुरू झाल्यापासून मोजली, तर त्याच पेशंटला रँडमायझेशनपासून 17 आठवडे मिळतात आणि व्यायामवाल्याला 12च. निकाल फिरायला एवढा फरक पुरतो. तक्त्यात मात्र दोन्हीकडे ‘12 आठवडे’ एवढंच छापलेलं असतं. सांगा, वाचणाऱ्या डॉक्टरांना यातलं नेमकं काय कळतं?

याहून मोठा घोळ पुढे आहे. ज्यांनी वाट पाहून शेवटी शस्त्रक्रिया करूनच घेतली नाही, त्यांना उपचार सुरू झाल्याचा दिवसच नसतो, म्हणून ते मोजणीतून गळतात. ते फक्त एकाच गटातून गळतात, आणि रँडमायझेशनने सारखे केलेले गट पुन्हा असमान होतात. म्हणून माझं मत ठाम आहे: घड्याळ रँडमायझेशनपासून सुरू करा, आणि शस्त्रक्रियेला न्याय मिळेल एवढ्या लांबचा टप्पा निवडा. दुसरा पर्याय निवडायचा असेल तर तसं स्पष्ट लिहा. आणि भेट किती दिवस पुढेमागे चालेल तेही लिहा, नाहीतर पंधराव्या आठवड्यात आलेल्या पेशंटचं काय करायचं हे आकडे पाहून ठरतं.

मोजमापाचंही तसंच आहे. शून्य ते शंभरच्या पट्टीवर एका पेशंटची वेदना 80 वरून 60 वर आली, दुसऱ्याची 40 वरून 20 वर. ‘बेसलाइनपासून सरासरी बदल’ हा आउटकम असेल तर दोघांची सुधारणा सारखीच, 20 गुण. ‘किमान 30 टक्के घट झालेले पेशंट’ हा असेल तर दुसरा मोजला जातो, पहिला नाही, कारण त्याची घट 25 टक्केच आहे. नुसतं ‘वेदना कमी होणे’ लिहिणाऱ्याने दोन्ही दारं उघडी ठेवलेली असतात.

पूर्ण वाक्य असं होतं: “प्रायमरी आउटकम: चालताना गेल्या 24 तासांत जाणवलेली सरासरी वेदना, 0 ते 100 मिलिमीटरच्या व्हीएएस पट्टीवर पेशंटने स्वतः नोंदवलेली, रँडमायझेशननंतर 26 आठवड्यांनी (दोन आठवडे पुढेमागे) बेसलाइनपासून झालेला बदल, दोन गटांच्या सरासरीतील फरक म्हणून.” यात कुठला शब्द कीस पाडलेला वाटतो ते दाखवा.

हे माझं खूळ नाही. ट्रायलच्या पेपरमध्ये काय काय लिहायचं ते सांगणाऱ्या कॉन्सॉर्ट 2010 च्या यादीत कलम 6अ नेमकं हेच मागतं: आधी ठरवलेले प्रायमरी आणि सेकंडरी आउटकम पूर्ण व्याख्येसह, कसे आणि केव्हा मोजले त्यासह. ट्रायल सुरू झाल्यावर काही बदललं असेल तर कारणासह सांगायचं, हे 6ब. वाचकाला पडताळणीही करता येते. ट्रायलची नोंदणी करायच्या ClinicalTrials.gov या साइटवर नोंदीच्या जुन्या आवृत्त्या राहतात. पहिल्या आवृत्तीतला टप्पा आणि पेपरमधला टप्पा शेजारी ठेवा. नोंदीत 26 आठवडे आणि पेपरमध्ये 12 आढळले, आणि कारण कुठेच दिलेलं नसलं, तर त्या निकालाकडे मी संशयानेच बघते.

बाकी शेऱ्यांना उत्तर देत नाही. तुमच्या टीमच्या पेपरमधलं प्रायमरी आउटकमचं वाक्य जसंच्या तसं खाली टाका. 12 आठवडे कुठून मोजले ते त्यात असेल, तर पुढचं बोलू.