खुलासा : पाणी उकळून फ्लोराइड जात नाही

‘गाईचे पाय आखडले, दातांवर डाग आले तर बोअरचं पाणी उकळून पाजा, फ्लोराइड उडून जातं.’

कोल्हापुरातल्या दूधवाल्यांच्या ग्रुपवर फिरणारं हे चुकीचं आहे. उकळल्यावर पाणी उडतं, फ्लोराइड भांड्यातच राहतं. चार लिटरचं दोन झालं की प्रमाण दुप्पट.

आमची घरचीच गाय लंगडायची, पुढचे दात खडूसारखे, तपकिरी पट्ट्यांचे. बोअरचं पाणी तपासलं तर फ्लोराइड लिटरला ४ मिलिग्रॅम; जनावरांना २ च्या आत हवं. नदीचं पाणी सुरू केल्यावर चाल हळूहळू सुधारली. दात मात्र तसेच राहणार, कारण हे डाग दात घडतानाच, लहानपणी पडतात. म्हणून चांगलं पाणी कमी असेल तर आधी कालवडींना. खुरांच्या दुखण्यानंही जनावर लंगडतं, त्यामुळे डॉक्टरांना दाखवाच.

तो मेसेज कृपया पुढं पाठवू नका.