हिंसक टोळीला सत्तेवर कसं बसवावं: सभ्य गृहस्थांसाठी काही सूचना

परवा एका साखरपुड्यात मठ्ठ्याचा पेला हातात घेऊन मुलाच्या काकांनी मला इटलीचा इतिहास शिकवला. "अहो, मुसोलिनी तीन लाख माणसं घेऊन रोमवर चालून गेला आणि सत्ता हिसकावली. अशा माणसापुढे कोण काय करणार?" हाच काळ मी वीस वर्षं कॉलेजात शिकवतोय, पण पानात जिलबी होती. गप्प बसलो. ती जिलबी अजून पचलेली नाही, म्हणून या सूचना.

पहिली सूचना: सुरुवातीला नुसतं हसा. 23 मार्च 1919 ला मिलानमध्ये शे-दोनशे माणसं जमली आणि फॅसिस्टांची संघटना निघाली. त्याच नोव्हेंबरच्या निवडणुकीत मुसोलिनीला मिलानमध्ये पाच हजारही मतं पडली नाहीत. समाजवाद्यांनी त्याची खोटी अंत्ययात्रा काढली. संपला म्हणे विषय.

दुसरी: तुमच्याकडे जमीन असेल तर या पोरांना कामाला लावा. पो नदीच्या खोऱ्यात शेतमजुरांचे संघ बळकट झाले होते. कोणाला कामावर घ्यायचं, किती जणांना घ्यायचं, हे मालकाला संघाशी बोलून ठरवावं लागे. केवढा हा अपमान! मग 1920 च्या शेवटापासून जमीनदारांनी पैसे दिले, ट्रक दिले. शहरातली काळ्या डगल्याची टोळी रात्री गावात उतरायची, मजूर संघाचं कार्यालय आणि सहकारी दुकान पेटवायची, सेक्रेटरीला सोट्यांनी बडवायची आणि बाटलीभर एरंडेल घशात ओतायची. पोलीस बहुतेक ठिकाणी बघत उभे. फेराराकडचा टोळीप्रमुख इतालो बाल्बो यातूनच मोठा झाला. संघ मोडले, मजुरी उतरली. याला "सुव्यवस्था आली" असं म्हणावं.

तिसरी: विरोधकांनी आपापसांत भांडत राहावं. इटलीत ते न सांगता जमलं.

चौथी सूचना सगळ्यात महत्त्वाची, ती हुशार माणसांसाठी. जोलित्तींकडून शिका. वय 78, पाचव्यांदा पंतप्रधान, राजकारणातलं सगळं कोळून प्यालेले. यापूर्वी कित्येक बंडखोर त्यांनी गोंजारून, पदं देऊन गार केले होते. हेही तसेच निवतील, तोवर समाजवाद्यांना परस्पर धाक बसेल, असा हिशेब. म्हणून मे 1921 च्या निवडणुकीत त्यांनी सरकारी आघाडीच्या यादीत फॅसिस्टांना जागा दिल्या. यादीत नाव आणि बाहेर सोटा, दोन्ही एकदम चालू! ज्यांना दीड वर्षापूर्वी पाच हजारही मतं पडली नव्हती त्यांचे 535 पैकी 35 खासदार झाले. बरं, उपकार तरी मानले का? निवडून येताच मुसोलिनी विरोधात जाऊन बसला आणि दोन महिन्यांच्या आत जोलित्तींचं सरकारच गेलं. पण आता एक गोष्ट कायमची झाली होती. सोटेवाले सभ्य माणसांच्या यादीतून आले होते. उद्या त्यांना गुंड म्हणायचं तर यादी करणाऱ्याला काय म्हणायचं? म्हणून कोणी काही म्हणालंच नाही. हुशारी, हुशारी म्हणतात ती ही! डोक्यावर पिकलेले केस आणि आत काय, कोंडा?

पाचवी: सही करायची वेळ आली की पेन खाली ठेवा. ऑक्टोबर 1922 मध्ये रोमवर निघालेले स्वयंसेवक तीन लाख नव्हते, काका. पंचवीस-तीस हजारांच्या आसपास होते, पावसात भिजत, अनेकांकडे धड शस्त्रं नाहीत. सैन्याने रेल्वेमार्ग अडवल्यावर ते शहराबाहेरच थांबले. 28 तारखेच्या पहाटे पंतप्रधान फाक्ता यांच्या मंत्रिमंडळाने लष्करी कायदा लावायचं ठरवलं, आदेश बाहेरही गेला. आणि सकाळी राजा व्हिक्टर इमॅन्युएल म्हणाला, मी सही करत नाही.

आणि मुसोलिनी कुठे होता? मिलानमध्ये. सरकार बनवायचं बोलावणं आल्यावर 29 च्या रात्री आगगाडीच्या शयनयानात झोपून रोमला आला. ही त्याची चढाई! पलटणीने रोममधून संचलन केलं ते 31 तारखेला, तो पंतप्रधान झाल्यावर.

नाही, आता उपरोध पुरे. काका, "कोण काय करणार" हे वाक्य मला यापुढे ऐकवू नका. राजाला सही करता येत होती. जमीनदाराला ट्रक न देता येत होता. पहिल्या मंत्रिमंडळात फॅसिस्ट मूठभर होते. बाकी खुर्च्यांवर उदारमतवादी, कॅथलिक पक्षाचे लोक आणि महायुद्ध जिंकलेले सेनापती आर्मांदो दियाझ बसले, आपल्या पायांनी चालत येऊन. नोव्हेंबरात मुसोलिनीने संसदेला तोंडावर सांगितलं की मनात आणलं असतं तर या सभागृहात मी माझ्या पलटणीचा तळ टाकला असता. त्यावर ताडकन उठून बाहेर जायचं की नाही? या लोकांनी विश्वासमत दिलं! जोलित्तींनीही दिलं. 306 विरुद्ध 116.

फॅसिस्ट खासदार होते पस्तीस. 306 मधून पस्तीस वजा करा, काका, आणि मग सांगा हिसकावली म्हणून.