मावशी, त्या व्हिडिओचा शेवट कुठंय?

"फॅक्टचेकवाले सगळे विकले गेलेत. घरी बसून खऱ्या-खोट्याचा शिक्का मारतात. त्यांना हा अधिकार दिला कोणी? व्हिडिओ डोळ्यांना दिसतोय, त्यात तपासायचं काय?"

काल रात्री मावशीने घरच्या ग्रुपवर हे टाकलं. तिने मुलं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ पाठवला होता आणि मी खाली तो खोटा असल्याची लिंक दिली, म्हणून. पंचवीस जणांच्या ग्रुपात तिला सात अंगठे मिळाले, मला एकही नाही.

आधी डोळ्यांचं बघू. गल्लीत पोरं क्रिकेट खेळतायत. मोटरसायकलवर दोघं येतात, मागचा एका लहानग्याला उचलतो आणि गाडी पसार होते. मावशीच्या फोनवर व्हिडिओ इथेच संपतो. तपासणारा इथून सुरुवात करतो. तो व्हिडिओतली चार-पाच स्थिर चित्रं काढतो. इनव्हिड नावाचं फुकट मिळणारं साधन हे काम करतं. मग ती चित्रं गूगल लेन्समध्ये, यांडेक्समध्ये टाकून जुळणाऱ्या प्रती शोधतो. पळत्या गाडीचं हललेलं चित्र टाकलं तर हाती काहीच लागत नाही. भिंत, दरवाजे, उभी पोरं स्पष्ट दिसतील असा क्षण निवडावा लागतो. सापडलेल्या प्रतींमध्ये तारखेइतकीच लांबीही बघायची. आपल्यापेक्षा लांब प्रत मिळाली की निम्मं काम झालं, कारण लांब व्हिडिओ कापून आखूड करता येतो, आखूड व्हिडिओतून पुढचा प्रसंग निघत नाही.

या व्हिडिओची लांब प्रत कराचीच्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेची आहे. तीत मोटरसायकल परत येते, पोराला खाली उतरवलं जातं आणि गाडीवरचा माणूस कॅमेऱ्यासमोर फलक धरतो. कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो, अशा अर्थाचा. म्हणजे ही पालकांना सावध करणारी जाहिरात होती. कोणीतरी शेवट छाटला आणि जाहिरातीची बातमी झाली. यात कोण विकलं गेलंय हा प्रश्नच येत नाही, मावशी. फलक तू स्वतः बघू शकतेस.

एवढं चिडायचं कारण सांगतो. २०१८ साली हा व्हिडिओ आणि टोळीच्या अशाच पोस्ट देशभर फिरत होत्या. १ जुलैला, रविवारी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार होता. भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं. त्यातले बहुतेक मंगळवेढ्याकडचे होते, आपल्याच राज्यातले, आपलीच भाषा बोलणारे.

अधिकाराचं म्हणशील, तर तो कोणीच दिलेला नाही आणि तेच बरं आहे. सरकारबद्दलच्या बातम्या खऱ्या की खोट्या ते ठरवायचा अधिकार केंद्र सरकारला २०२३ मध्ये स्वतःच्या कक्षाकडे हवा होता. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम रद्द केला. सरकारी पीआयबी फॅक्टचेकच्या कित्येक पोस्टमध्ये 'फेक' हा लाल शिक्का असतो, तो कशावरून हे नसतं. असा शिक्का मीही मानत नाही.

पैशाबाबत थोडं मान्य करतो, नाइलाजाने. मेटा ही फेसबुकवाली कंपनी भारतातल्या काही तपासणाऱ्या संस्थांना कामाचे पैसे देते. आंतरराष्ट्रीय फॅक्टचेकिंग नेटवर्कच्या आचारसंहितेवर सही केली की निधी कुठून येतो, तपास कसा केला, चूक झाली तर दुरुस्ती कुठे केली, हे सगळं उघड करावं लागतं. पण कोणता दावा तपासायला घ्यायचा आणि कोणता सोडायचा, हे संस्थाच ठरवते. तिथे कल असू शकतो, आणि तो एका लेखावरून कळत नाही.

आणखी एक, माझ्याच विरुद्ध जाणारं. मी दिलेल्या लिंकचा मथळा होता, टोळीची निव्वळ अफवा. आत पुरावा होता तो फक्त व्हिडिओ कराचीचा असल्याचा, आणि एका जिल्ह्याच्या पोलिसांचं म्हणणं. म्हणजे मथळा पुराव्याच्या दोन पावलं पुढे गेला होता. आपल्या तालुक्यात खरंच मूल हरवलंय का, हे त्या लेखाने सिद्ध होत नाही. त्यासाठी आपल्या पोलीस ठाण्यात फोन करावा लागतो. मी सकाळी केला. गेल्या महिन्याभरात अशी एकही तक्रार नाही म्हणाले.

मग मावशीला लांब प्रत पाठवली. तिने बघितली असावी, कारण ग्रुपवर न लिहिता मला वेगळा मेसेज आला, "मग शेवट कापला कोणी?" ते त्या लेखातही नव्हतं.