दुसऱ्या घरातला माझा फोटो

नोकरी सोडून चौदा महिने झाले, पण कंपनीच्या पेजवर मी अजून हसतेच आहे. हातात कंपनीचा मग, मागे प्लॅस्टिकचं मनी प्लांट आणि खाली माझ्या नावानं अवतरणचिन्हांत: "ही कंपनी नाही, माझं दुसरं घर आहे." हे वाक्य मी जन्मात उच्चारलेलं नाही. एचआरच्या मॅडमनी लिहून पाठवलं आणि मी "ओके" म्हटलं, एवढाच माझा साहित्यातला वाटा. मगसुद्धा रिकामा होता.

नव्या ऑफिसात साहेबांनी चहाच्या वेळी विचारलं, "मग, दुसऱ्या घरी येणंजाणं आहे का अजून?" त्याच संध्याकाळी मावसभावाचा बायोडेटा आला, "तुझ्या कंपनीत देऊन टाक." रात्रीच पत्र लिहायला बसले.

पहिलं पत्र शाळेतल्या रजेच्या अर्जासारखं झालं. 'माझा फोटो काढून टाकावा ही नम्र विनंती.' सहा दिवसांनी उत्तर आलं, "कोणता फोटो?" चूक माझीच. पेज सांभाळणारी मुलं बाहेरच्या एजन्सीतली, त्यांना मी कोण हे ठाऊक असायचं कारण नाही.

मग डिजिटल मार्केटिंगमधल्या मैत्रिणीला गाठलं. ती म्हणाली, "आधी जॉइनिंगचे कागद काढ." सातव्या पानावर, लॅपटॉपचा चार्जर परत करण्याच्या अटीखाली, प्रसिद्धीसाठी फोटो वापरायची परवानगी मीच सही करून दिलेली होती. नोकरी संपल्यावर काय, याबद्दल तिथे अवाक्षर नाही. मी तावातावानं कायदा उघडला. वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ सालचा, त्यात दिलेली संमती मागे घेता येते आणि डेटा पुसायला सांगता येतो. वा! पण नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि आपल्या कामाची कलमं लागू व्हायला तिथून पुढे अठरा महिने. म्हणजे कायदा नेमला गेलाय, पण अजून रुजू व्हायचाय. तेव्हा धमकी नको, नेमकेपणा ठेव, असं मैत्रीण म्हणाली.

दुसरं पत्र एचआर आणि मार्केटिंग दोघांना एकाच मेलवर पाठवलं, म्हणजे टोलवाटोलवीला जागा नको. मजकूर असा:

"मी अमुक तारखेला राजीनामा देऊन कार्यमुक्त झाले. माझा फोटो, नाव आणि अभिप्राय प्रसिद्ध करण्यासाठी दिलेली संमती मी आजपासून मागे घेत आहे. सोबत सहा लिंक आणि तारखेसहित स्क्रीनशॉट जोडले आहेत. पोस्ट अर्काइव्ह न करता डिलीट कराव्यात. पंधरा दिवसांत पूर्ण झाल्याचं लेखी कळवावं."

सहा लिंक शोधायला रविवार गेला. इन्स्टाग्रामवर दोन, फेसबुकवर एक, लिंक्डइनवर एक, वेबसाइटच्या करिअरच्या पानावर एक. सहावी मैत्रिणीनं मेटाच्या अ‍ॅड लायब्ररीतून काढली. तिथे कंपनीचं नाव टाकलं की चालू जाहिराती दिसतात. पेजवर कुठेच नसलेली एक जाहिरात पैसे भरून चालू होती आणि तीत मी नागपूरकरांना नोकरीला बोलावत होते. मी नागपूरला एकदाच गेलेय, लग्नाला.

अर्काइव्हचा मुद्दा मला फाजील वाटला होता. पण त्यांनी इन्स्टाग्रामवर नेमकं तेच केलं. पोस्ट लपली, मी पेढे वाटले आणि आठ मार्चला महिला दिनानिमित्त मी मनी प्लांटसकट परत प्रकटले. अर्काइव्ह म्हणजे माळ्यावर टाकणं. सण आला की खाली काढतात. वेबसाइटवर तर उलटंच. फोटो गेला, पण नाव आणि दुसरं घर जागच्या जागी. 'फोटो, नाव आणि अभिप्राय' असं तिन्ही लिहिलं होतं म्हणून तेच वाक्य अधोरेखित करून परत पाठवता आलं.

तिसऱ्यांदा आठवण करून दिल्यावर "सर्व सहा ठिकाणांहून काढले आहे" असा मेल आला. तो मी जपून ठेवलाय; आता पुन्हा प्रकटले तर दाखवायला काहीतरी आहे. नाराज फक्त आई. "किती छान आला होता! स्थळांना तोच पाठवत होते मी." तिथे कुठली संमती मागे घेणार?

परवा खात्री करायला पेज उघडलं. माझ्या जागी एक नवी मुलगी. तोच मग, तेच मनी प्लांट आणि खाली तिच्या नावानं, "ही कंपनी नाही, माझं दुसरं घर आहे."

ओळख ना पाळख, तरी मी तिला मेसेज केला, "जॉइनिंगच्या कागदांतल्या सातव्या पानाचा फोटो काढून ठेव."