चष्मा घरी राहिलाय

“चष्मा घरी राहिलाय बाई. तुम्हीच वाचून दाखवा.”

पाटीवर मी ठळक अक्षरात लिहिलं होतं : आवाज बसला आहे. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे. ती पाटी हातभर लांब धरून, मान मागे नेऊन, एक डोळा मिटून माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या आजोबांनी पाहिली आणि वरचं वाक्य उच्चारून ती मलाच परत दिली. आज आठवडा उलटून गेला, गॅदरिंग पार पडलं, मंडपवाला पैसे घेऊन गेला, तरी ते वाक्य माझ्या घशात अडकलेलं आहे.

आवाज गेला तो गॅदरिंगच्या आधीच्या शनिवारी. पाचवीची अठ्ठेचाळीस मुलं, पत्र्याचा हॉल, शेजारच्या वर्गात लेझीम. शाळेत माईक आहे, पण तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटात असतो आणि फक्त पाहुण्यांसाठी निघतो. दोन दिवस सर्दी होतीच. तिसऱ्या तालमीला “लाकूडतोडे, पुढे या” असं म्हणायला तोंड उघडलं, तर जुन्या दाराची बिजागरी वाजावी तसं काहीतरी बाहेर पडलं, आणि मग तेही नाही.

संध्याकाळी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी माझी जीभ गॉजच्या तुकड्यात धरून बाहेर ओढली, तोंडात दुर्बीण घातली आणि म्हणाले, “ईऽऽ म्हणा.” जीभ दुसऱ्याच्या मुठीत असताना कुणी ई म्हणून पाहावं. पडद्यावर मात्र माझा आवाज दिसला. एरवी पांढऱ्या मोत्यासारख्या असायला हव्यात अशा दोन पट्ट्या लाल होऊन सुजलेल्या. ई म्हटल्यावर त्या जवळ येत होत्या, पण नीट मिटत नव्हत्या, आणि मधल्या फटीतून नुसती हवा जात होती.

“बोलताना या पट्ट्या सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकींवर आपटतात,” डॉक्टर म्हणाले. “बायकांच्या. पुरुषांच्या साधारण शंभर-सव्वाशे वेळा.” म्हणजे इथेही निम्म्या कामात त्यांचं भागतं. मिनिटभर सलग आऽऽ केलं तर बारा हजार टाळ्या, आणि मी सुजलेल्या हातांनी आठवडाभर टाळ्या वाजवत होते.

मी खुणेनं विचारलं, गायकांना देतात तशी एखादी गोळी? त्यांना खूण बरोबर कळली. गॅदरिंगच्या मोसमात सगळ्या बाया तीच खूण करत असणार. ते म्हणाले, स्टिरॉइडनं सूज उतरेल, तुम्हाला बरं वाटेल, तुम्ही ओरडाल, आणि पट्टीतली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली तर पुढचं गॅदरिंगही जाईल. सर्दीच्या विषाणूचं दुखणं, त्यामुळे अँटिबायोटिकही नाही. तीन दिवस पूर्ण मौन, मंगळवारी दाखवायला या. कुजबुजायचंसुद्धा नाही, कारण जोर लावून कुजबुजताना बऱ्याच जणांचा गळा उलट जास्तच आवळला जातो. आणि खाकरायचं नाही.

हे शेवटचं ऐकून मला रडू आलं. कारण माझी वर्गावरची सगळी हुकमत खाकरण्यावर उभी आहे. दारात येऊन एकदा ‘अहं’ केलं की मागच्या बाकापर्यंत शांतता. ते अहं म्हणजे त्या दोन पट्ट्या एकमेकींवर आपटणं असतं, हे सोळा वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं. बी.एड.ला आम्हाला फळ्यावर सरळ रेषेत कसं लिहायचं ते शिकवलं. घसा कसा वापरायचा यावर एक तास नाही.

रजेचं विचाराल तर मोठ्या बाई म्हणाल्या, “घसाच बसलाय ना? ताप तर नाही? मग येऊन वह्या तपासा.” एखाद्या ड्रायव्हरचा हात मोडला तर त्याला कुणी म्हणत नाही की पाय आहेत ना, मग गाडी चालव. पण बाईचा आवाज हा तिचा अवयव नसतो, ती शाळेच्या मालकीची घंटा असते. मी तीन दिवसांत एकशे चव्वेचाळीस वह्या तपासल्या. “घरी आता शांतता असेल, मिस्टर खूश असतील,” हा विनोद मला चौदा जणांनी ऐकवला. मोजले. चौदापैकी नऊ बायकाच होत्या.

आणि औषधं! ज्येष्ठमध, कंकोळ, आल्याचा रस, हळदीचं दूध, खडीसाखर. सगळं मी मुकाट घेतलं, कारण नाही म्हणायला आवाज लागतो. डॉक्टरांचं म्हणणं असं की गिळलेली वस्तू स्वरपट्ट्यांना स्पर्शच करत नाही. ती मागून अन्ननलिकेत जाते. चुकून पुढे पट्ट्यांवर पडली तर आपल्याला ठसका लागतो. काढ्यानं वरचा घसा सुखावतो, एवढंच. पट्ट्यांपर्यंत पोहोचते ती वाफ. तीही साध्या गरम पाण्याची, बाम न घालता, पाचेक मिनिटं. आणि दिवसभर घोट घोट पाणी, म्हणजे शरीर आतूनच त्यांना ओलं ठेवतं. हे सगळं शेजारच्या काकूंना समजावण्याइतकं पाटीवर मावत नव्हतं, म्हणून मी कंकोळ चघळलं.

तर सोमवारी आजोबा आले. मधल्या सुट्टीत, थेट शिक्षकखोलीत. त्यांचा नातू आमच्या नाटकात झाड आहे. झाडाला वाक्य का नाही, ही तक्रार.

मी गळ्याकडे बोट दाखवलं.

“थायरॉईड?”

मी मान हलवली.

“टॉन्सिल? आमच्या हिला होते. काढून टाकले. तेव्हापासून जास्तच बोलते.”

मी ओठांवर बोट ठेवलं. आजोबांनी दाराकडे पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज एकदम खाली आणला. “कळलं. इथं बोलण्यासारखं नाही. कुणाचा दबाव आहे का तुमच्यावर? लाकूडतोड्या कुणाचा आहे? चेअरमनच्या पुतण्याचा?” समोर डबा खात बसलेल्या दोघी बाई चावायच्या थांबल्या. मी दोन्ही हात जोरात हलवले. त्यावर त्यांनी मला थोडा वेळ दयेनं न्याहाळलं आणि त्यांच्या मनात नवीन निदान तयार झालं. ते उठून माझ्या उजव्या कानाजवळ आले आणि अख्ख्या शाळेला ऐकू जाईल असं ओरडले, “झाडाला! एक! वाक्य! द्या!”

पुढच्या दोन मिनिटांत मला एक गोष्ट कळली. मुका माणूस लोकांना बहिरा वाटतो, बहिरा वाटला की अडाणी वाटतो, आणि त्यानंतर लोक त्याच्याशी हातवारे करून बोलतात. आजोबांनी दोन्ही हात वर करून झाड करून दाखवलं. मग तोंडाशी बोटं उघडमीट करून वाक्य करून दाखवलं. मी त्यांना ऐकू शकत होते, तरीही.

तेवढ्यात पाण्याची कळशी घेऊन आमचे शिपाईमामा आले. मी पाटी त्यांच्या हातात कोंबली. त्यांनी वाचली, “आवाज बसला आहे.” आजोबा म्हणाले, “अहो, मग तसं सांगायचं!”

मी पाटी पुसून लिहिलं : झाडं बोलत नाहीत. मामांनी ते मनात वाचलं, आजोबांच्या धोतराकडे पाहिलं, त्यांच्या वयाकडे पाहिलं आणि मोठ्यानं वाचलं, “बाई म्हणतात, बघू.”

मी पाटीवर टकटक केलं. पुन्हा लिहिलं : वाक्य देता येणार नाही. अठ्ठेचाळीस मुलं आहेत. मामा म्हणाले, “बाई म्हणतात, अठ्ठेचाळीसात तुमचाच हुशार आहे.”

आजोबा पाया पडायचे बाकी राहिले. जाताना मला ज्येष्ठमधाची कांडी देऊन गेले. रजा नाही, माईक नाही, आणि माझ्या नावावर एक कबुली मात्र जमा झाली. सोळा वर्षांत मी घसा फोडून जे नाही म्हणत आले, ते मामांनी एका दुपारी खोडून टाकलं.

तालमीला मी पाटीवर लिहायचे आणि पहिल्या बाकावरची एक खड्या आवाजाची मुलगी ते सांगायची. मी लिहिलं : डावीकडे. ती कमरेवर हात ठेवून ओरडली, “डावीकडे म्हटलं ना! डावा हात कुठला ते पाचवीत सांगायचं का तुम्हाला? घरी हेच शिकवतात?” मी तिच्याकडे रागानं पाहिलं. ती निरागसपणे म्हणाली, “बाई, तुम्ही असंच म्हणता.” हॉल हसला. मी नाही हसले. पण दुसऱ्या दिवशी संगीताच्या सरांकडून टाळ मागून आणले. एकदा वाजले की थांबा, दोनदा वाजले की जागेवर या. दीड दिवसात अठ्ठेचाळीस मुलं त्यावर चालायला लागली, आणि याचा मला आनंद झाला की अपमान वाटला ते अजून ठरत नाही.

मंगळवारी पडद्यावर पट्ट्या गुलाबी दिसल्या. बुधवारपासून तासाला पाच मिनिटं बोलायची परवानगी मिळाली, तीही समोरासमोर, मागच्या बाकापर्यंत नाही. शिवाय एक व्यायाम : अर्धा पेला पाणी, त्यात दोन बोटं बुडेल अशी स्ट्रॉ, आणि तिच्यातून ऊऽऽ करत बुडबुडे काढायचे. पाण्याचा दाब उलटा वर येतो, त्यानं पट्ट्या न आपटता अलगद हलतात. कर्कश झालं किंवा गळ्यात दुखलं की थांबायचं. शिक्षकखोलीच्या खिडकीतून सातवीच्या पोरांनी हे पाहिलं आणि मधल्या सुट्टीत शाळाभर बातमी झाली की बाई कोल्ड्रिंक उलटं पितात. तीन आठवड्यांत आवाज पूर्ण सुटला नाही तर पुन्हा दुर्बीण, असं डॉक्टरांनी बजावलंय. सध्या सकाळी बरा असतो, चौथ्या तासाला घोगरा होतो. तेवढं झालं की मी टाळ काढते.

शनिवारी गॅदरिंगला पाहुण्यांबरोबर माईकही निघाला. मी विंगेत टाळ घेऊन उभी. लाकूडतोड्यानं कुऱ्हाड उचलली आणि माझ्या संहितेत नसलेल्या जागी, हात वर केलेलं, खोडाला खाकी कागद गुंडाळलेलं झाड खणखणीत आवाजात म्हणालं, “थांब! माझे आजोबा समोर बसलेत!”

टाळ्या थांबेनात. लाकूडतोड्या खरोखरच थांबला आणि पुढचं सगळं विसरला. मी टाळ दोनदा वाजवले, मग चार वेळा. कुणाला ऐकू आले नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर आजोबा गर्दीतून वाट काढत आले. नाकावर जाड काचांचा चष्मा, दोरीनं बांधलेला.

“आज आणलाय,” ते म्हणाले. “दाखवा बघू, त्या दिवशी पाटीवर नेमकं काय लिहिलं होतं?”

तासाच्या पाच मिनिटांपैकी माझी दोन शिल्लक होती. मामा शेजारी खुर्च्या रचत होते, त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खुर्च्यांकडे. मी पाटी घेतली आणि लिहिलं : बघू.